सातव्या लेनमधली रेघ

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून जी लॅब आहे, तिथल्या सीनियर टेक्निशियनबाईंना सगळे पाठीमागे ‘भिंगबाई’ म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’. भिंगबाईंना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा राग येणं तर सोडाच, मनातून बरंच वाटायचं. जिनं एकोणतीस वर्षं कोटाच्या खिशात भिंग बाळगून रक्तातल्या प्रोटीनच्या पट्ट्या पाहिल्या, तिला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय?

काम तसं सांगायला सोपं. रक्त नळीत गोठू द्यायचं, वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, काढून घ्यायचं, जेलच्या पातळ तक्त्यावर एका ओळीत थेंब ठेवायचे आणि वीज सोडायची. वीज लागली की सीरममधली प्रोटीनं आपापल्या लेनमधून पळायला लागतात. अल्ब्युमिन सगळ्यांच्या पुढे, अंगानंही तेच सगळ्यांत जाड. मधे तीनचार किरकोळ पट्टे. आणि पार मागे रेंगाळतो तो गॅमा, म्हणजे शरीरानं रोगांशी लढायला केलेल्या अँटिबॉडींचा पट्टा. मग जेल वाळवायचं, निळ्या रंगात बुडवायचं, जास्तीचा रंग धुऊन टाकायचा. स्कॅनर प्रत्येक लेन वाचून तिचा आलेख काढतो, डोंगरांच्या ओळीसारखा. डॉक्टर सही करतात ती त्या आलेखावर.

नव्या माणसाला शिकवताना भिंगबाई जास्त बोलायच्या नाहीत. दोन आलेख शेजारी ठेवायच्या. दोन्हीत गॅमा वाढलेला. एकात तो पसरट, उशी ठेवल्यासारखा, दोन्ही अंगांनी हळूहळू उतरणारा. त्यांचं म्हणणं असं की इथे शरीरातल्या हजार तऱ्हेच्या पेशी कामाला लागल्यात. प्रत्येकीची अँटिबॉडी थोडी वेगळी, म्हणून प्रत्येक जरा वेगळ्या जागी थांबते आणि पट्टा फिसकटतो. संसर्ग असेल, लिव्हर बिघडलं असेल, सांध्यांचा जुना आमवात असेल. ही पॉलिक्लोनल वाढ. दुसऱ्या आलेखात सुईसारखा उभा सुळका. इथे एकाच पेशीचं खानदान माजलंय आणि ते एकाच साच्यातली अँटिबॉडी ओततंय, म्हणून सगळा माल एकाच जागी थांबतो. हा एम स्पाइक, आणि हा दिसला की पुढे हाडाच्या मगजापर्यंत जाऊन शोध घ्यावा लागतो. ओळखायचं कसं? ‘त्याच आलेखात अल्ब्युमिन उभंय ना, त्याच्याशी रुंदी ताडून बघा. अल्ब्युमिनइतका किंवा त्याहून अरुंद, तर दचका. त्याहून पसरट, तर बसा.’ एवढं झालं की शिकवणी संपली.

भिंगबाईंचं चुकत नाही, असं लॅबमध्ये सगळे मानत. भिंगबाई तर मानतच होत्या.

आता त्यांच्या नणंदेचं सांगायला हवं. ही त्यांच्या नवऱ्याची धाकटी बहीण, एका शाळेत गणित शिकवणारी, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटी राहणारी. वयानं लहान असूनही भिंगबाई तिला पहिल्या दिवसापासून ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणत आल्या होत्या. त्यात मान किती आणि अंतर किती, हे दोघींनी कधी मोजलं नाही. वन्संना सहा वर्षांपासून आमवात होता. बोटं सुजायची, खडू धरवत नसे. दरवर्षी त्यांचं रक्त लॅबमध्ये यायचं, दरवर्षी गॅमा वाढलेला असायचा आणि दरवर्षी तोच रिपोर्ट जायचा: पॉलिक्लोनल वाढ, जुन्या सांधेदुखीशी सुसंगत. अगदी बरोबर रिपोर्ट होते ते. उशीसारखी उशी.

आठ महिन्यांपूर्वी वन्संची पाठ दुखायला लागली. आधी त्या वर्गात खुर्चीवर बसून शिकवू लागल्या. मग जिन्यात मधेच थांबायला लागल्या. मग रात्री कूस बदलताना जाग येते म्हणाल्या. हाडांच्या डॉक्टरांनी आमवातावर बोट ठेवलं, आमवाताच्या डॉक्टरांनी वयावर. भाऊ म्हणाला, उभं राहून राहून होतंय, नोकरी सोड. आणि भिंगबाई? त्यांनी नवऱ्याजवळ सरळ म्हटलं होतं की वन्संना पहिल्यापासून थोड्याचं फार करायची सवय आहे. आपल्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात बोटाला सुई टोचली म्हणून दोन दिवस झोपून होत्या. नवरा हसला होता. घरात ही गोष्ट अशी ठरून गेली. वन्संनीही हळूहळू तक्रार कमी केली. दुखणं कमी झालं नव्हतं, ऐकणारं कोणी उरलं नव्हतं, इतकंच.

तरी या खेपेला पाठदुखीपायी आमवाताच्या डॉक्टरांनी ठरल्या वेळेच्या चार महिने आधीच रक्त तपासायला सांगितलं. पट्टी नेहमीसारखी असेल तर ते सांध्यांचं औषध वाढवणार होते आणि पाठीचं दुखणं त्याच खात्यात घालून मोकळे होणार होते.

रक्त आलं त्याच्या दोन आठवडे आधी लॅबमध्ये नवा स्कॅनर आला होता. यंत्र चांगलं, पण त्याच्या आलेखाच्या रेषा थरथरत्या, करवतीच्या दातांसारख्या. लॅबच्या तरुण डॉक्टरांना ते खपेना. रिपोर्ट हातात घेणाऱ्याला वाटेल यंत्रच थरथरतंय, असं ते म्हणाले. भिंगबाईंनी सेटिंग उघडलं, रेषा गुळगुळीत करायचा आकडा होता तो दोनावरून आठावर नेला आणि काय सांगावं, आलेख असा सुंदर झाला की भिंतीवर लावावा. डॉक्टर खूश, बाई खूश. आणि आलेख इतका देखणा दिसायला लागल्यावर जेलकडे कोण बघतंय? भिंग खिशातच राहायला लागलं. स्कॅनरमधून निघालेलं जेल थेट फोल्डरात.

वन्संचा आलेख पडद्यावर आला तेव्हा भिंगबाई मागे उभ्या होत्या. गॅमा गोलसर, मऊ, ओळखीचा. आकडा तर मागच्यापेक्षा चांगला: तेव्हा दोन पूर्णांक चार ग्रॅम, आता दोन पूर्णांक एक. डॉक्टरांनी मागचा शेरा आणायचं बटण दाबलं, जुनं वाक्य जसंच्या तसं खाली उतरलं, त्यांनी पुढे ‘पूर्वीपेक्षा किंचित कमी’ जोडलं आणि सही केली. घरच्या माणसाचा रिपोर्ट म्हणून भिंगबाई गप्प राहिल्या असंही नाही. त्यांना सांगण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांनी वन्संना सांगितलं की रक्त पाहिलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, उलट सुधारणा आहे. वन्सं पलंगावर गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. ‘तुम्ही पाहिलंय म्हणजे बरोबरच असेल, वहिनी,’ एवढंच म्हणाल्या आणि पिशवी जरा खाली सरकवली.

पुढच्या शुक्रवारी भिंगबाई जेलं फाइल करायला बसल्या. हे काम त्या दुसऱ्या कोणाला देत नसत. सगळी वाळलेली जेलं तारखेप्रमाणे जुन्या एक्स-रेच्या पाकिटांत जायची आणि कपाटात सहा वर्षांची रास होती. एकेक जेल खिडकीच्या उजेडात धरून तारीख वाचायची आणि सारायचं. तिसरं जेल उजेडात धरलं आणि त्यांचा हात थांबला.

सातव्या लेनमध्ये, गॅमाच्या बरोब्बर मधोमध, एक रेघ होती. ब्लेडनं ओढल्यासारखी बारीक, काळीनिळी, कडा स्पष्ट. आजूबाजूला फिकट फिसकटलेला रंग, आणि त्यात ही रेघ. पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात आलं ते एवढंच, की हे कोणत्या आंधळ्यानं सोडलं? इतकी ढळढळीत रेघ आणि त्यावर सही होऊन गेली? आज एकेकाची हजेरी घेते, असं मनाशी म्हणत त्यांनी त्या दिवसाची यादी उघडली आणि सात नंबरवर बोट ठेवलं.

नाव वन्संचं होतं.

हजेरी घेण्यासारखं आता एकच माणूस उरलं होतं. भिंगबाई खुर्चीत बसल्या.  आणि हेही सांगायला हवं की एक क्षणभर त्यांच्या मनात आलं, जेल पाकिटात सारावं, उद्या नीट बघू. तो क्षण गेला. खिशातून भिंग बाहेर आलं.

आधी त्यांनी रेघ खोटी ठरवायचा प्रयत्न केला. त्यांची पद्धतच तशी. थेंब ठेवलेल्या जागेचा डाग असेल? मग तो दहाही लेनमध्ये एकाच उंचीवर दिसला असता. बाकीच्या नऊ स्वच्छ होत्या. रक्त नीट गोठलं नसेल, गोठण्यात खर्च होणारं फायब्रिनोजेन उरलं असेल? ते अशीच रेघ देतं, पण गॅमाच्या अलीकडे, बीटा नावाच्या पट्ट्याच्या हद्दीवर. ही तर मधोमध. तरी फ्रिजमधून नळी काढून पाहिली: लाल टोपणाची, घट्ट गोठलेली. मग त्यांनी सहा वर्षांची सहा जेलं कपाटातून काढून खिडकीत ओळीनं लावली. पहिली चार वर्षं नुसता फिकट धुरळा, रेघ कुठेच नाही. मागच्या वर्षीच्या जेलमध्ये भिंगाखाली केसासारखं काहीतरी, आहे की नाही अशी शंका यावी इतकं. आणि या वर्षी रेघ उभी. तिच्या बाजूचा धुरळा मात्र विरळ झालेला. म्हणूनच एकूण आकडा कमी झाला होता! जुन्या आमवाताची वाढ उतरली होती आणि तिच्या जागी भलतंच कोणीतरी येऊन बसलं होतं. बेरीज जवळजवळ तीच, म्हणून सगळे निर्धास्त.

त्यांनी स्कॅनरवर आकडा आठावरून दोनावर आणला आणि तेच जेल पुन्हा स्कॅन केलं. आलेख थरथरत आला, आणि उशीच्या मधोमध सुळका उभा राहिला. आधीच्या आलेखाशी ताडून पाहिलं तेव्हा खरी मेख कळली. तिथे अल्ब्युमिनही फुगलं होतं. गुळगुळीत करण्याच्या नादात यंत्रानं सगळ्यांनाच सारखं लठ्ठ केलं, त्यामुळे ‘अल्ब्युमिनशी रुंदी ताडा’ हा बाईंचा नियमच मोडीत निघाला होता. चोरालाच पहाऱ्यावर बसवावं तसं झालं, आणि पहारा नेमला होता बाईंनीच.

डॉक्टर वरच्या मीटिंगला निघाले होते. भिंगबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं आणि जेल, दोन्ही आलेख, आणि सेटिंगचा आकडा असं सगळं एका दमात सांगितलं. आठ कोणी केलं, तेही. डॉक्टर सज्जन माणूस. म्हणाले, गुळगुळीत हवं म्हणून मीच मागे लागलो होतो, आणि मागचा शेरा ओढायचं बटण माझ्याच बोटानं दाबलं.

‘ते तुमचं तुम्ही बघा,’ भिंगबाई म्हणाल्या, ‘पण आकडा मी फिरवला आणि जेल मी पाहिलं नाही. रिपोर्ट आत्ता मागे घ्या. आणि त्या दिवसापासूनची सगळी जेलं मला परत बघायची आहेत.’

मीटिंग राहिली बाजूला. आमवाताच्या डॉक्टरांना फोन गेला: औषध वाढवू नका, थांबा. दुपारी भिंगबाईंनी दुसरी तपासणी लावली. त्यात एकच सीरम सहा लेनमध्ये पळवायचं. पहिलीत सगळी प्रोटीनं, बाकीच्या पाचांत प्रत्येकी एका जातीची अँटिबॉडी धरून ठेवणारं द्रावण: जी, ए, एम या जड जाती, कप्पा, लॅम्डा या हलक्या. जिथे हजार तऱ्हेचा माल असतो तिथे सगळ्या लेनमध्ये नुसता धुरळा दिसतो. जिथे एकच खानदान माजलंय तिथे एका जड आणि एका हलक्या जातीत, एकाच उंचीवर, कोरीव रेघ. जेल धुऊन निघेपर्यंत भिंगबाई उभ्याच होत्या. जी मध्ये रेघ. कप्पामध्ये रेघ. दोन्ही एकाच उंचीवर. बाकी तिन्ही लेनमध्ये फिकट ढग. आता शंकेला जागा नव्हती. सुळक्याचं मोजमाप आलं एक पूर्णांक दोन ग्रॅम. त्यांनी सुधारलेला रिपोर्ट स्वतः टाइप केला, जुना का चुकला ते एका ओळीत लिहिलं आणि डॉक्टरांपुढे ठेवला.

त्याच दिवशी, आकडा फिरवल्यापासूनच्या बाकी एक्केचाळीस जणांची जेलंही त्यांनी भिंगाखाली घातली. एकाच्यात अगदी बारीक रेघ सापडली. त्याच्या डॉक्टरांना कळवून सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. बाकी चाळीस ठीक. स्कॅनरवर त्यांनी कागद चिकटवला: ‘आकडा दोन. कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे.’ खाली कंसात लिहिलं, ‘हे मलासुद्धा लागू.’

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आज नको सांगूस तिला, सगळ्या तपासण्या होऊ देत, उगाच घाबरेल. लॅब कधी आजाराचं नाव ठरवत नाही, हे भिंगबाई त्याला वर्षानुवर्षं ऐकवत आल्या होत्या, आणि त्याचं म्हणणं तसं रास्त होतं. पण त्या कधीच कोणाचं पूर्ण ऐकत नाहीत. त्यांनी वन्संना इतकंच सांगितलं की रिपोर्टमध्ये माझी चूक झाली, रक्तात नवीन काहीतरी दिसलंय, उद्यापासून तपासण्या करायच्या आहेत आणि मी प्रत्येक ठिकाणी बरोबर येणार आहे. वन्संनी कोणती तपासणी कधी, तेवढंच विचारलं आणि शाळेला रजेचा अर्ज लिहायला घेतला.

दहा दिवस लागले. कमरेच्या हाडातून मगज काढला, पाठीचं स्कॅन झालं, लघवी, किडनी, कॅल्शियम सगळं झालं. भिंगबाई लॅबचा कोट घालून प्रत्येक रांगेत वन्संच्या पुढे उभ्या राहायच्या आणि एकाही रांगेला त्यांनी नियमाप्रमाणे पुढे सरकू दिलं असेल असं वाटत नाही. शेवटी रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं. मायलोमा. मगजातल्या पेशींचा कॅन्सर. मणक्यांच्या दोन हाडांना आतून भोकं पडलीत, एक किंचित दबलंय. किडनी मात्र शाबूत आहे, वेळेत हाती आलंय, औषधं चांगली आहेत आणि पुढच्या आठवड्यापासून सुरू करू. हा आजार मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही, पण तो वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो. पुन्हा वर्गात उभ्या राहाल, असं त्या ठामपणे म्हणाल्या. आणि ही रेघ आणखी वर्षभर सुटली असती तर मी हे इतक्या ठामपणे बोलले नसते, असंही.

वन्संनी सगळं शांतपणे ऐकलं. कितव्या दिवशी कोणतं औषध ते वहीत उतरवून घेतलं, तारखांची मधली अंतरं मनात मोजून डॉक्टरीणबाईंची एक चूकही दाखवून दिली. भाऊ डोळे पुसत बाहेर गेला तरी यांच्या डोळ्यांत टिपूस नाही.

परतताना रिक्षात दोघीच होत्या. भिंगबाईंनी आठ महिन्यांचं सगळं ओझं एकदाच उतरवायचं ठरवलं होतं. लॅबमध्ये कबूल करणं सोपं होतं, तिथे यंत्र होतं, आकडा होता. इथे काय सांगणार? तरी त्या बोलल्या. म्हणाल्या, रिपोर्टचं सोडा, तो तर आठवड्याभरात सुधारला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मी तुमचं बोलणं खोटं धरलं होतं. तुमच्या भावाजवळ बसून हसले होते. रेघ जेलमध्ये दिसेपर्यंत मी तुमच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही, वन्सं, याची मला लाज वाटते.

वन्सं रिक्षाबाहेर बघत होत्या. एक चौक गेला, सिग्नल लागला, सुटला.

‘वहिनी, म्हणजे मला खरंच दुखत होतं ना?’

‘हो.’

‘मला वाटायला लागलं होतं, मीच खोटं सांगतेय. रात्री उठून बसायचे आणि स्वतःलाच रागवायचे.’

‘खरंच दुखत होतं, वन्सं. फार दुखत असणार.’

तेव्हा वन्सं रडल्या. कॅन्सर म्हटल्यावर न रडलेली बाई भर रिक्षात, तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं रडली, आणि भिंगबाईंनी त्यांच्या दुखऱ्या पाठीवर कुठे हात ठेवला तर चालेल ते आधी विचारलं आणि मग ठेवला.